खिशातलं बेअरिंग: दुकानदाराने संशयावरून पकडलं, बॅटरी आणि फॉल्स इम्प्रिझनमेंटचं पूर्ण उत्तर

टॉर्टच्या, म्हणजे दिवाणी अपकृत्यांच्या, पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो, दुकानदार, संशय, गिऱ्हाईक, कॉलर. आणि निम्मी पोरं शेवटी एकच वाक्य लिहून मोकळी होतात, "दुकानदाराला वाजवी संशय होता म्हणून तो जबाबदार नाही". हे वाक्य आपल्या कायद्यातलं नाहीच. हे अमेरिकेतलं आहे, तिकडच्या राज्यांनी दुकानदाराला तसा खास हक्क दिलाय, वाजवी संशय असेल तर थोडा वेळ, वाजवी पद्धतीने थांबवून ठेवायचा. आपल्याकडे असं कलम कुठेच नाही, आणि तपासणारा नेमका तिथेच लाल पेन उचलतो. म्हणून एक प्रॉब्लेम घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू. नावं-गाव काल्पनिक प्रश्नासाठीच, पण असले प्रसंग खान्देशात कुठल्याही बाजारपेठेत सापडतील.

प्रॉब्लेम असा. अमळनेरला मोटारपंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान. बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी. चोपड्याकडच्या खेड्यातले भिलाभाऊ येतात, विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय. नंबर जुळवायला जुनं बेअरिंग सोबत आणलंय, ६२०४, पेपरात गुंडाळून. शेठ डबीतून नवं काढून दाखवतात, ३४० सांगतात. भिलाभाऊ दोन्ही शेजारी ठेवून बघतात, भाव जास्त वाटतो, नवं काउंटरवर ठेवतात, जुनं परत पेपरात गुंडाळून पॅन्टच्या खिशात घालतात आणि निघतात. शेठ तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला कॅपॅसिटर देत होते, मान वळवली तर एवढंच दिसलं की हा माणूस बेअरिंग खिशात घालून चाललाय. नवं बेअरिंग केबलच्या बंडलामागे सरकलेलं, ते दिसलं नाही.

११:२० ला भिलाभाऊ पायरी उतरून गाडीपाशी. शेठ मागून धावत जाऊन कॉलर धरतात, शर्टाची दोन बटणं तुटतात, हात पिरगाळून आत ओढत आणतात, तोंडाने "चोर, चोर" चालूच. भिलाभाऊ म्हणतात, "मी काहीबी लिधं नही भाऊ, हाई मन्हं जुनं शे." ११:२५ ला खिसा रिकामा करायला लावतात. बेअरिंग टेबलावर येतं, काळं ग्रीस, रिंगवर गंज, बोटाने फिरवलं तर खरखर वाजतं. कुणीही बघून सांगेल जुनं आहे. पण शेठ आता वेगळंच धरतात, "अदलाबदल केली असशील, स्टॉक मोजल्याशिवाय सोडणार नाही." पुतण्या शटर अर्धं खाली ओढून दारात उभा राहतो, भिलाभाऊंना मागच्या गोडाऊनमध्ये स्टुलावर बसवतात, गाडीची चावी काढून घेतात. शेठचा भाऊ बँकेत गेलेला, तो येईपर्यंत थांबायचं. पोलिसांना फोन नाही. भाऊ येतो, डब्या मोजतो, सगळ्या भरतात, नवं बेअरिंग केबलमागे सापडतं. १२:१० ला "जा, या वेळी सोडतो". चावी मात्र शोधत बसतात, ती मिळते १२:२० ला. गोडाऊनला मागे गल्लीत उघडणारं एक दार होतं, आतून नुसती कडी, पण समोर खोकी रचलेली, भिलाभाऊंना ते माहीतच नव्हतं. आता भिलाभाऊ दावा करतात. काय होईल?

पहिली गोष्ट, हा एक प्रसंग म्हणून लिहू नका. घड्याळ समोर ठेवून तुकडे करा, कारण शेठचा बचाव ११:२० ला थोडा तरी उभा राहतो आणि ११:२५ नंतर कोसळतो. सगळं एकत्र कालवलं तर हा फरकच निघून जातो.

आधी बॅटरी. मराठी गाईडात याला "मारहाण" छापतात आणि त्यामुळे पोरं लिहितात की मारलं नाही, जखम नाही, म्हणून बॅटरी नाही. चूक. दुसऱ्याच्या अंगावर, मुद्दाम, थेट, कायदेशीर कारणाशिवाय बळ वापरलं की बॅटरी झाली, वळ उठायची गरज नाही. १७०४ च्या कोल विरुद्ध टर्नरमध्ये होल्ट साहेबांनी म्हटलंय की रागाने केलेला अगदी हलका स्पर्शसुद्धा बॅटरी आहे. अंगातला शर्ट अंगाचाच भाग धरतात, त्यामुळे "मी कापड धरलं, माणूस नाही" हे चालत नाही.

मग बाजारात धक्का लागतो त्याचं काय? तो सोडून दिलाय. १९८४ च्या कॉलिन्स विरुद्ध विलकॉकमध्ये गॉफ साहेबांनी हे नीट मांडलं, रोजच्या व्यवहारात होणारा सर्वमान्य स्पर्श बॅटरी नाही, लक्ष वेधायला खांद्यावर बोट लावलं तरी चालतं, पण त्या केसमधल्या महिला पोलिसाने बाईला थांबवायला दंड धरला, अटकेचा अधिकार न वापरता, ती बॅटरी ठरली. हे इथे लावा. शेठ मागून येऊन "ओ भाऊ, थांबा ना" म्हणत खांद्याला हात लावते तर काही नव्हतं. कॉलर धरून बटणं तोडणं आणि हात पिरगाळणं ही लक्ष वेधायची पद्धत नाही, ती रोखून धरायची पद्धत आहे. विल्सन विरुद्ध प्रिंगलमध्ये १९८६ ला स्पर्श शत्रुत्वाचा हवा असं म्हटलंय, त्यावर नंतर शंका घेतल्या गेल्या, तुम्ही दोन ओळीत सांगा की इथे तो वाद आलाच तरी फरक पडत नाही, "चोर चोर" ओरडत पिरगाळलेला हात कुठल्याही व्याख्येत बसतो. हेतूबद्दल पण गोंधळ होतो. शेठचा हेतू इजा करायचा नव्हता, माल वाचवायचा होता, ठीक आहे, पण बॅटरीला हेतू लागतो तो स्पर्शाचा, वाईट करायचा नाही. त्याने मुद्दाम धरलं, संपलं.

अजून एक बॅटरी लपलेली आहे, ती पोरं सोडतातच. खिसा रिकामा करायला लावला तेव्हा. भिलाभाऊंनी स्वतःच हात घालून काढलं असेल तर ती बॅटरी नाही, पण शेठने किंवा पुतण्याने खिशात हात घातला असेल तर वेगळी बॅटरी. प्रश्नात हे स्पष्ट दिलेलं नाही, म्हणून "जर-तर" करून लिहा. आणि "त्याने स्वतः दाखवलं म्हणजे संमती" असं कुणी म्हणालं तर पिरगाळलेला हात आणि आत ओढत आणणं दाखवा, असल्या धाकात दिलेली संमती संमती नसते.

आता फॉल्स इम्प्रिझनमेंट, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवणं. दोन गोष्टी बघायच्या, अडकाव पूर्ण होता का, आणि त्याला कायद्याचा आधार होता का. पूर्ण म्हणजे सगळ्या बाजूंनी. १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्समध्ये पुलाचा एक भाग बंद केला होता, माणसाला पुढे जाऊ दिलं नाही पण मागे फिरायला मोकळा होता, कोर्ट म्हणालं ही कैद नाही. आपल्या केसमध्ये पुढे पुतण्या आणि शटर, हाताला धरून बसवलेलं, बाजू मोकळी नाही.

मागचं दार हा परीक्षकाने टाकलेला खडा आहे. शेठचा वकील म्हणणारच, दाराला नुसती कडी होती, जायचं होतं तर जायचं. पण सुटायचा मार्ग वाजवी असायला लागतो आणि अडकलेल्या माणसाला तो माहीत नसेल तर तो मार्ग असून नसल्यासारखाच. परक्या दुकानातल्या गोडाऊनमध्ये खोक्यांमागे दार आहे हे चोपड्याकडच्या माणसाला कसं कळणार? आणि कळलं तरी, चोर म्हणून बसवलेला माणूस खोकी सरकवून पळाला असता तर बाहेर काय झालं असतं, बाजाराच्या दिवशी? शिवाय कुलूप-दोरी लागत नाही, धाक पुरतो.

वेळेचं पण असंच. "फक्त ५० मिनिटं" म्हणून टॉर्ट पुसला जात नाही, पाच मिनिटंही पुरतात, वेळ फक्त नुकसानभरपाईच्या आकड्यात येतो. अडकवल्याचं त्याला कळलं पाहिजे का, हा १९१९ च्या मिअरिंग केसचा मुद्दा, तो इथे लागतच नाही कारण भिलाभाऊंना पुरतं कळत होतं. काहीजण पाठ केलंय म्हणून अर्धं पान मिअरिंगवर घालवतात, नका घालवू.

चावीचे शेवटचे १० मिनिटं बघा. १२:१० ला शटर वर, "जा" म्हटलं, पायी जाता आलं असतं. माझं मत, कैद १२:१० ला संपली. चावी ठेवून घेणं हा मालावरचा ट्रेसपास, वेगळा टॉर्ट. पण १२:१० च्या आधीची चावी मात्र कैदेचाच भाग आहे, ती पळून जाऊ नये म्हणूनच घेतली होती. उलट मत मांडणारे म्हणतात गाडीशिवाय खेड्यातला माणूस जाणार कुठे, तेही लिहा, पण बर्ड विरुद्ध जोन्स समोर ठेवलं तर ते थोडं ताणल्यासारखं वाटतं.

आता बचाव. खरे मार्क इथे आहेत.

पहिला बचाव, खाजगी व्यक्तीने केलेली अटक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, जुन्या सीआरपीसीचं ४३. त्यात म्हटलंय की कुणीही खाजगी माणूस अशाला अटक करू शकतो ज्याने त्याच्या समक्ष अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला, किंवा जो घोषित गुन्हेगार आहे, आणि मग अनावश्यक उशीर न करता, पण सहा तासांच्या आत, पोलिसांकडे सोपवायचं. दोन शब्द अधोरेखित करा, "समक्ष" आणि "केला". "केला असावा असं वाटलं" असं कलम म्हणत नाही. पोलिसाला वाजवी संशयावर अटक करायचा अधिकार आहे, तुम्हा-आम्हाला नाही. इथे चोरी झालीच नाही, नवं बेअरिंग केबलमागे पडलेलं होतं, म्हणजे कलम ४० चा पायाच नाही, शेठने कितीही प्रामाणिकपणे बघितलं असो.

याला जोड म्हणून १९१४ चं वॉल्टर्स विरुद्ध डब्ल्यू एच स्मिथ घाला, हे इंग्लिश प्रकरण आपल्या प्रॉब्लेमच्या अगदी जवळ आहे. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलचा माणूस, मालकांना चोरीचा संशय, संशयाला कारणही चांगलं, खाजगी अटक केली, खटल्यात तो निर्दोष सुटला, मग त्याने फॉल्स इम्प्रिझनमेंटचा दावा केला आणि जिंकला, कारण ज्या चोरीसाठी पकडलं ती चोरीच झालेली नव्हती. इंग्लिश निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, आपली कोर्टं ते न्याय-समता-सद्सद्विवेक म्हणून बघतात, हे एका वाक्यात नोंदवा, नाहीतर परीक्षक विचारतो लंडनचा निकाल अमळनेरला का लावला.

सहा तासांचा सापळा पण आहे. "५० मिनिटंच ठेवलं, सहा तासांच्या आत आहे, म्हणून कायदेशीर" असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. सहा तास ही कायदेशीर अटकेनंतर पोलिसांपर्यंत पोचवायची शेवटची मर्यादा आहे, दुकानात बसवून स्टॉक मोजायची सूट नाही. १९५२ च्या जॉन लुईस विरुद्ध टिम्समध्ये संशयितांना आधी वरिष्ठांच्या ऑफिसात नेलं, पोलिसांकडे द्यायचं की नाही ते ठरवायला, तेवढा उशीर हाउस ऑफ लॉर्ड्सने वाजवी धरला, शेठचा वकील ही केस नक्की काढेल. फरक असा की तिथे मुलीने खरंच चोरी केलेली होती आणि गोष्ट पोलिसांच्या दिशेने चालली होती. इथे फोनसुद्धा नाही. भाऊ बँकेतून येईपर्यंत थांबवणं हे पोलिसांकडे द्यायचं की नाही ते ठरवणं नाही, ती स्वतःच केलेली चौकशी आहे.

दुसरा बचाव मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा, भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ पासून पुढे. हा बचाव जास्त दमदार आहे आणि प्रामाणिकपणे लिहायचा तर ११:२० च्या कॉलरीसाठी तो थोडा वजन देऊन मांडला पाहिजे. चोरी चालू असताना माल वाचवायला आवश्यक तेवढं बळ वापरता येतं, आणि चोर माल घेऊन निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत हा हक्क चालतो. चोरी नव्हतीच, फक्त तशी समजूत होती, तर? फौजदारीत कलम १७ ची तथ्याची चूक शेठला वाचवू शकते. पण ते गुन्ह्यापुरतं, दिवाणी दाव्यात चूक हा सहसा बचाव नाही. स्वसंरक्षणाबाबत हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ ला ॲशली केसमध्ये सांगितलं की दिवाणीत समजूत नुसती प्रामाणिक असून चालत नाही, वाजवीही लागते. तेच तत्त्व मालमत्तेपर्यंत ताणून शेठचा वकील म्हणेल की खिशात बेअरिंग जाताना डोळ्याने बघितलं, यापेक्षा वाजवी काय. मी असतो तर उत्तर असं देतो, समजूत एकवेळ वाजवी धरू, बळ वाजवी नव्हतं. गाडीला अजून किक मारलेली नव्हती, माणूस पळत नव्हता, "खिशात काय आहे" हे आधी विचारता येत होतं. विचारायच्या आधीच हात पिरगाळला.

आणि समजा कोर्टाने ११:२० चं पहिलं धरणं माफ केलं. ११:२५ ला टेबलावर गंजलेलं, खरखरणारं बेअरिंग आलं. स्पेअर पार्टवाल्याला जुनं-नवं ओळखायला तेवढं बोटाने फिरवणं पुरतं, समजूत वाजवी राहायची सोयच उरली नाही. त्यानंतरची ४५ मिनिटं कुठल्याच बचावात बसत नाहीत. उत्तरात हा क्षण वेगळ्या परिच्छेदात लिहा.

आता प्रश्न थोडा उलटा करू, कारण तोंडी परीक्षेत हेच विचारतात. खिशात खरंच नवं बेअरिंग निघालं असतं तर? बहुतेकजण म्हणतात मग शेठ सुटला. थांबा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. जुन्या आयपीसीच्या ३७९ ची चोरी कितीही रकमेची असो, दखलपात्र आणि अजामीनपात्र होती. आता न्याय संहितेच्या ३०३(२) मध्ये ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५००० च्या आतली चोरी अदखलपात्र, जामीनपात्र दाखवलीय. ३४० रुपयांचं बेअरिंग. म्हणजे चोरी खरी असूनसुद्धा कलम ४० ची अटक जमत नाही! जुनं गाईड वापरणाऱ्यांचं उत्तर इथेच चुकतं.

शेठच्या वकिलाला एक वाट आहे, कलम ३०५(क), माल ठेवायला वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, जुनं ३८०. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र, आणि त्यात ५००० ची सवलत नाही. दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत का, तर गोडाऊनला सरळ लागू, काउंटरच्या बाबतीतही मांडता येतं. मला वाटतं हे मांडणी म्हणून चांगलं आहे, पण मग प्रत्येक किरकोळ दुकानचोरी ३०५ मध्ये जाईल आणि ३०३(२) ची सवलत दुकानांपुरती कागदावरच राहील, हा उलट युक्तिवादही लगेच पुढे ठेवा. अटक जमली नाही तरी शेठकडे संरक्षणाचा हक्क राहतोच, पण तो माल हातात परत आला की संपतो. मग बेअरिंग काढून घ्यावं, नाव-गाव विचारावं, पोलिसांत तक्रार द्यावी, गोडाऊनमध्ये बसवायचं कारण उरत नाही.

जबाबदार कोण? शेठ स्वतः, आणि पुतण्याही, शटर ओढून दारात उभा राहिला म्हणजे त्याने कैदेत हात घातला, दोघं मिळून जबाबदार. पुतण्या दुकानात कामाला असेल तर त्याच्या कृत्यासाठी मालक म्हणून शेठ परत येतोच. भाऊ फक्त डब्या मोजायला आला, त्याला ओढू नका, जोवर त्याने थांबवून ठेवायला सांगितल्याचं दिसत नाही.

नुकसानभरपाईत रुदुल शाह आणि भीम सिंग लिहायचा मोह आवरा. त्या केसेस राज्याविरुद्ध, मूलभूत हक्कावरच्या, भीम सिंगमध्ये आमदाराला पोलिसांनी अडवलं म्हणून ५०,००० दिले गेले. शेठ म्हणजे सरकार नव्हे. इथे साधा दिवाणी दावा, शर्टाची किंमत, स्वातंत्र्य गेल्याची भरपाई, आणि भर बाजारात "चोर" म्हणून ओढत नेलं त्या अपमानासाठी वाढीव रक्कम. "चोर" शब्दाची बदनामी वेगळा टॉर्ट आहे, प्रश्नात विचारलेला नाही, एका ओळीत सोडा. त्या दिवशी मोटार बंद राहून पिकाला पाणी बसलं नाही, ते मागायचं का? बेअरिंग तर त्याने घेतलंच नव्हतं, दुसऱ्या दुकानातून घेतलं असतं हे सिद्ध करावं लागेल, माझ्या मते हे दूरचं नुकसान म्हणून बाद होईल.

दावा अमळनेरलाच दाखल होतो, जिथे कृत्य झालं तिथे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ खाली. मुदत मात्र बघा, मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ प्रमाणे फॉल्स इम्प्रिझनमेंटला एकच वर्ष, कैद संपल्यापासून, म्हणजे त्या दिवसाच्या १२:१० पासून मोजायचं. आणि काउंटरवर सीसीटीव्ही असेल तर तोही बघा. त्यात भिलाभाऊ दोन्ही बेअरिंग शेजारी ठेवताना आणि नवं केबलकडे सरकताना दिसेल, पण डीव्हीआर जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो, त्यामुळे फुटेज जपून ठेवा अशी नोटीस वकिलाने पहिल्या आठवड्यातच पाठवायला हवी, आणि फुटेज कोर्टात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं.